नऊशे रुपये की दोन महिने?

पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पप्पांचे आठ माग आहेत, चादरी आणि टॉवेल निघतात. बी.कॉम. झाल्यापासून मी घरचा हिशेब बघते. शाळेपासूनची मैत्रीण खासगी कंपनीत नोकरी करते. आम्ही दोघींनी मिळून आमचा माल थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलंय. सध्या व्हॉट्सअॅपवर महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरी येतात. आता वेबसाइट हवी. पैसे ती घालणार, काम मी करणार. अडलंय ते इथे: तिला वेबसाइट बिल्डर हवा, म्हणजे वर्गणी भरली की तयार साच्यात दुकान मांडून देणारी सेवा, आणि मला वर्डप्रेस, म्हणजे साइट स्वतः बांधायचं सॉफ्टवेअर. परवा हुतात्मा बागेत बसून आमचं झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

ती: महिन्याला नऊशे रुपये. शनिवार-रविवारात दुकान उभं राहतंय बघ.

मी: वर्षाचे दहा हजार आठशे झाले की! वर्डप्रेस फुकट आहे, होस्टिंग एकशे एकोणपन्नासला. मी दोन महिन्यांत शिकते.

ती: आणि दोन महिने आपण काय, चादरींच्या घड्या घालत बसायचं?

मी: अगं, पण भाड्याच्या घरात किती दिवस राहायचं?

ती: घर बांधायला येतंय का तुला?

मी: येईल की.

तेव्हापासून दोघी एकमेकींना फक्त ‘बघू’ म्हणतोय. दोन्हींच्या दरांचे स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत. दिवाळीच्या आधी सुरू करायचंय. काय करू?

— चादरवाली, सोलापूर

उत्तर

तुमच्या बोलण्यातल्या भाड्याच्या घरापासूनच सुरुवात करू, कारण तिथेच थोडी गफलत आहे. वर्डप्रेस घेतलं म्हणजे स्वतःचं घर झालं असं नाही. जागा तिथेही भाड्याचीच असते, होस्टिंग हे त्या जागेचंच भाडं. फरक सामानाचा आहे. वर्डप्रेसमध्ये सगळं सामान, म्हणजे फाइली आणि डेटाबेस, तुमच्या मालकीचं असतं. एका होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर टेंपो बोलावून दुसरीकडे जाता येतं. बिल्डरमध्ये खोलीही त्यांची आणि कपाटंही त्यांचीच. विक्ससारखी कंपनी तर मदतपानावर सरळ लिहिते की तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मालाची यादी तेवढी फाइल करून बाहेर काढता येते. मांडणी, पानं, रंगरूप तिथेच राहतं.

म्हणजे तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. आता ‘फुकट’कडे येऊ.

वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ सालापासून खरोखर फुकट आणि खुलं आहे, त्यात काही लपवाछपवी नाही. फक्त मोबाइलवर नुसतं ‘वर्डप्रेस’ शोधलं तर बहुतेकदा wordpress.com समोर येतं, आणि ती स्वतःच एक वर्गणीची सेवा आहे. तुमच्या मनातलं फुकट वर्डप्रेस wordpress.org वर मिळतं. ही चूक इतकी सर्रास होते की वर्गणी भरून झाल्यावर ‘पण मी तर फुकट घेतलं होतं’ म्हणणारे मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात.

तुम्ही पाठवलेला होस्टिंगचा स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. १४९ हा आकडा ठळक आहे, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय की हा दर ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे आज ७,१५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,४३९. एकाच वर्षाचं घ्यायचं तर दर २४९ दिसतो: वर्षाचे २,९८८, जीएसटी धरून ३,५२६. त्यात डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, साधारण हजार मिळवा. पहिल्या वर्षी साडेचार हजार धरून चाला. नूतनीकरणाला दर वाढतो, तोही त्याच पानावर तळाला लिहिलेला असतो, तेवढा वाचून ठेवा.

मैत्रिणीच्या बाजूलाही जीएसटी लागतोच. ९०० गुणिले १२ म्हणजे १०,८००, कर धरून १२,७४४. आणि तिच्या चित्रातही ‘वार्षिक भरल्यास’ हे शब्द आहेत, महिन्याच्या महिन्याला भरायचे तर दर जास्त.

दोन्हींतला फरक वर्षाला आठ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सातशेच्या जवळ. वाद एवढ्याच पैशांचा आहे. आता स्वतःला विचारा: हे सातशे वाचवायला मी महिन्याचे किती तास घालणार? तुमच्या पूर्ण बोलण्यात मैत्रिणीचा रुपया मोजला गेलाय, तुमचा तास कुठेच मोजलेला नाही. ‘मी शिकते’ म्हणताना तुम्ही स्वतःची मजुरी शून्य धरलीत. मागावरच्या कामगाराची मजुरी धरल्याशिवाय पप्पा चादरीचा भाव काढतात का? ती पैसे घालते आणि तुम्ही वेळ, अशी भागीदारी असेल तर वेळेलाही भाव लावा. नाहीतर सहा महिन्यांनी भांडण साइटवरून होणार नाही, यावरूनच होईल.

आता काम नेमकं किती, ते बघू. गंमत म्हणजे बरंचसं काम दोन्हीकडे सारखंच आहे. प्रत्येक चादरीचा उजेडात काढलेला फोटो, लांबी-रुंदी, धुण्याची सूचना, रंग जातो की नाही याचं प्रामाणिक उत्तर, किंमत, साठा. शिवाय पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोचवणारे, खातं मंजूर करण्याआधी साइटवर परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता, अटी आणि संपर्क अशी पानं आहेत का ते तपासतात. ती लिहायला बसलं की दोन रविवार जातात, आणि हे दोन रविवार बिल्डरच्या जाहिरातीतल्या ‘शनिवार-रविवार’मध्ये धरलेले नसतात.

याच कामात एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर साइट कशावरही असो, प्रत्येक पार्सलमागे तोटा होतो. ती म्हणजे वजन. तुमची चादर तराजूवर १.८ किलो भरली असं धरू. कुरिअरवाला तराजू बघतो आणि खोक्याचं मापही बघतो. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून बहुतेक जण त्याला ५,००० ने भागतात, आणि दोन्हींत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय १२ च्या खोक्यात घातली तर १४,४०० भागिले ५,००० म्हणजे २.८८ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने बिल होतं, म्हणजे तीन किलो धरले. तीच चादर घट्ट घडी घालून, हवा दाबून ८ सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत बसवली तर १.९२, म्हणजे दोन किलो. एका घडीवर एका किलोचा फरक पडला. टॉवेलचं तर याहून वाईट, कारण टेरी टॉवेल हलका आणि फुगीर. म्हणून आज संध्याकाळी वजनकाटा आणि टेप घेऊन बसा, प्रत्येक मालाची एक ओळ अशी वही करा, मग ती एक्सेलमध्ये उतरवा. ही फाइल बिल्डरलाही चालते आणि वर्डप्रेसलाही. पुढे कधी घर बदललं तर टेंपोत पहिली तीच चढेल.

आता ‘वर्डप्रेस शिकणं’ म्हणजे काय ते सांगते. पान बनवणं, थीम लावणं, फोटो टाकणं हे तुम्ही आठवड्याभरात शिकाल, त्यात अवघड काही नाही. दुकानासाठी वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, टाकायचं, तेही मूळ रूपात फुकट आहे. अवघड भाग पडद्यामागे आहे. दोन उदाहरणं सांगते, म्हणजे अंदाज येईल.

पहिलं पोचवण्याच्या खर्चाचं. वूकॉमर्समध्ये ‘शिपिंग झोन’ करावे लागतात. समजा तुम्हाला सोलापूर शहरात ‘दुकानातून घेऊन जा’ द्यायचंय आणि बाहेरगावी कुरिअर. बहुतेक नवशिके शहरासाठी पिनकोडच्या चौकटीत `413*` टाकतात, कारण सोलापूरचे पिन ४१३ ने सुरू होतात. पण ४१३ ने लातूरचेही पिन सुरू होतात, धाराशिवचेही, आणि बारामतीचेही. मग लातूरच्या बाईंना ‘दुकानातून घेऊन जा’ हाच पर्याय दिसतो, त्या वैतागून निघून जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. चौकटीत शहराची मर्यादा लिहायला हवी:

```
413001...413008
```

आणि झोनचा क्रमही महत्त्वाचा. वरून खाली बघताना जो पहिला झोन जुळतो तोच लागतो. ‘भारत’ हा झोन वर ठेवला तर खालचं सोलापूर कधी उघडणारच नाही. कुरिअरच्या झोनला ‘फ्लॅट रेट’मध्ये नगागणिक खर्च असा लिहिता येतो:

```
40 + ( 90 * [qty] )
```

म्हणजे पार्सलमागे चाळीस आणि प्रत्येक चादरीला नव्वद. हे आकडे मी नमुन्याचे घेतलेत, तुमचे तुमच्या कुरिअरच्या दरपत्रकावरून काढा. वजनाच्या टप्प्याप्रमाणे दर लावायचे तर मूळ वूकॉमर्समध्ये ती सोय नाही, वेगळं प्लगिन लागतं. बिल्डरमध्येही झोन आणि दर भरावे लागतातच. फरक इतकाच की तिथे खणांवर नावं लिहिलेली असतात आणि इथे खण कुठला हे आधी शोधावं लागतं.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिऱ्हाइकानं चादर निवडली, यूपीआयनं पैसे दिले, आणि पैसे गेल्याचा आवाज येताच मोबाइल खिशात टाकला. ब्राउजर साइटवर परत आलाच नाही. पैसे गेटवेकडे पोचले, पण साइटला कोणी सांगितलंच नाही. ऑर्डर `Pending payment` या अवस्थेत अडकते. वूकॉमर्समध्ये साठा धरून ठेवण्याची मुदत असते, मुळात ६० मिनिटांची. साठ्याचा हिशेब चालू असेल तर तासाभरानं ही ऑर्डर आपोआप रद्द होते, आणि त्या चादरीचा नग पुन्हा विक्रीला दिसू लागतो. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, तुमच्याकडे रद्द झालेली ऑर्डर, आणि चौथ्या दिवशी ‘फसवणूक’ अशा शब्दांत व्हॉट्सअॅप.

यावर उपाय आहे. त्याला ‘वेबहुक’ म्हणतात: पैसे आले की गेटवे स्वतःहून तुमच्या साइटला कळवतो, गिऱ्हाइकाचा ब्राउजर परत येवो न येवो. गेटवेच्या खात्यात जाऊन तो चालू करावा लागतो, प्लगिननं दिलेला पत्ता तिथे चिकटवावा लागतो. एवढंच, दहा मिनिटांचं काम. पण हे करायचं असतं हे माहीत नसेल तर महिनाभर कळत नाही, कारण दहातल्या आठ-नऊ ऑर्डरी नीट येत असतात. ओळखायची खूण सोपी आहे. रोज सकाळी गेटवेच्या खात्यातल्या कालच्या जमा रकमा आणि साइटवरच्या कालच्या ऑर्डरी शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही हिशेब बघता, तुम्हाला हे वेगळं शिकवायला नको. एकही रक्कम बिनऑर्डरीची दिसली की समजा वेबहुक बोलत नाही.

अशीच तऱ्हा ईमेलची. वर्डप्रेस मुळात होस्टिंगच्या साध्या मेल-सोयीनं पत्रं पाठवतं, त्यामुळे ‘तुमची ऑर्डर मिळाली’ हे पत्र स्पॅममध्ये पडतं किंवा पोचतच नाही. एसएमटीपीचं एखादं प्लगिन लावून स्वतःच्या मेलखात्यातून पाठवायची व्यवस्था करावी लागते. बिल्डरमध्ये हा ताप बहुतेक नसतो. महिन्याचे सातशे रुपये जातात ते अशा न दिसणाऱ्या कामांसाठी.

आणि हे एकदा लावून संपत नाही. तुमच्या ‘दोन महिन्यांत शिकते’मध्ये दडलेला समज असा की शिकणं संपलं की काम संपलं. वर्डप्रेस, थीम आणि प्रत्येक प्लगिन यांचे अपडेट येत राहतात. ते टाकले नाहीत तर जुन्या भोकांतून चोर शिरतात, आणि टाकले तर कधीतरी दोन प्लगिनचं एकमेकांशी वाजतं आणि साइट पांढरी पडते. अशा वेळी वर्डप्रेस २०१९ पासून प्रशासकाच्या ईमेलवर एक दुवा पाठवतं, त्यातून आत शिरून बिघडलेलं प्लगिन बंद करता येतं. तो ईमेल तुमचा असेल तर. बसवून देणाऱ्या कुणा दादाचा असेल तर दादा फोन उचलेपर्यंत दुकान बंद. मेलच आला नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये `wp-content/plugins` उघडून त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलायचं, की ते बंद पडतं आणि साइट बहुधा उठते. आठवड्याचा बॅकअप होस्टिंगवरच ठेवू नका, गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या. दुकान आणि विम्याचा कागद एकाच आगीत जाऊन कसं चालेल? सगळं धरून, साइट बसल्यावरही महिन्याला चार-पाच तास यात जातात असं माझा अनुभव सांगतो. सातशे भागिले पाच. पुढचं तुम्ही करा.

मैत्रिणीची बाजू घेतेय असं वाटलं असेल, तर आता तिला दोन शब्द.

‘पैसे भरले की चिंता संपली’ हाही समजच आहे. सगळ्यात आधी, विक्रीवर वेगळा आकार आहे का ते विचारा. शॉपिफाय या बिल्डरची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे इथल्या दुकानदाराला बाहेरचा गेटवे जोडावा लागतो, आणि मग प्लॅनप्रमाणे प्रत्येक विक्रीवर कंपनीचा जादा टक्का लागतो. गेटवेचा स्वतःचा आकार वेगळा. समजा तो जादा टक्का २ धरला आणि महिन्याची विक्री साठ हजार झाली, तर बाराशे रुपये गेले. नऊशेची वर्गणी मग एकवीसशेची होते आणि वर मी काढलेला सातशेचा हिशेब कोलमडतो. तुमच्या बिल्डरमध्ये हा आकार आहे की नाही हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही. दरांच्या पानावर ‘ट्रान्झॅक्शन फी’ हे शब्द शोधा.

दुसरं, आपोआप नूतनीकरण. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून ठरावीक मुदतीनं पैसे कापायचे तर आधी ओटीपी देऊन तशी परवानगी नोंदवावी लागते, आणि दर वेळी कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. १५,००० पर्यंतची रक्कम मग ओटीपीशिवाय जाते, त्यावर गेली की ओटीपी लागतोच. परवानगी नीट नोंदली नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत आणि ऐन थंडीत दुकानाला टाळं. तुमचे १२,७४४ आज मर्यादेत बसतात, पण पुढच्या वर्षी दर वाढून पंधरा ओलांडले तर तारीख लक्षात ठेवावी लागेल. कॅलेंडरवर लिहा, कालनिर्णयवर लिहिलंत तरी चालेल.

आता माझं मत. तुम्ही दिवाळीच्या आधी सुरू करणार, चादरीचा खरा हंगाम त्यानंतर थंडीत. या चार महिन्यांत तुम्ही दुकान चालवायला शिकायचं की सर्व्हर? दोन्ही एकदम नको. मी तुमच्या जागी असते तर जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा होईपर्यंत बिल्डर घेतला असता, तोही महिन्याच्या दरानं, वार्षिक सवलतीच्या मोहात न पडता. चार-पाच महिने जादा दर गेला तरी वर्षभर अडकण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. मैत्रिणीचं म्हणणं तिथवर मान्य करा.

पण डोमेन आजच घ्या, स्वतः घ्या, आणि वेगळीकडून घ्या. बिल्डर एका वर्षासाठी फुकट देतो ते नको. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता. घर बदललं तरी पत्ता तोच राहिला तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येतं. माझ्या ओळखीतल्या एका शेंगाचटणीवाल्या काकूंचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर जात राहिली, आणि डब्यांवर छापलेला पत्ता एक दिवस भलत्याच माणसाचा झाला. डबे मात्र अजून दोन हजार शिल्लक होते. तुमच्या बाबतीत डोमेन दोघींपैकी एकीच्या नावावर असेल, पण मेलखातं दुकानाचं वेगळं काढा आणि त्याचा पासवर्ड दोघींकडे असू द्या. उद्या एकीचं लग्न ठरेल, दुसरीची बदली होईल. त्या दिवशी पासवर्ड मागणं अवघड जातं, आज सोपं आहे.

आणि तुम्ही वर्डप्रेस शिकाच, फक्त गिऱ्हाइकाच्या पैशांवर शिकू नका. playground.wordpress.net उघडलं की ब्राउजरमध्येच कोरं वर्डप्रेस मिळतं, खातं लागत नाही. थोडी सवय झाली की संगणकावर ‘लोकल’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात अख्खी साइट स्वतःच्या यंत्रावर चालते, होस्टिंगचा रुपया लागत नाही. व्हिडिओ बघणं म्हणजे शिकणं नाही. तिथे तुमच्या त्याच एक्सेलच्या यादीतून माल भरा. शिपिंग झोन लावून लातूरचा पिन टाकून बघा. मग मुद्दाम एखादं प्लगिन मोडा, साइट पाडा, आणि बॅकअपवरून परत उभी करा. हे तिन्ही तुम्हाला कुणाला न विचारता जमलं की तुम्ही शिकलात. त्याला दोन महिने लागतील की पाच, ते तेव्हाच कळेल, आज मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही मैत्रिणीला सांगू नका.

यात्रा संपली की दोघी पुन्हा बागेत बसा. हातात दोन कागद असू द्या: एकावर चार महिन्यांत बिल्डरला आणि टक्क्यांत गेलेली एकूण रक्कम, दुसऱ्यावर तुम्ही या काळात खर्च केलेले तास, तारखेसकट. रक्कम महिन्याला दीड-दोन हजारांच्या पुढे जात असेल आणि पाडलेली साइट तुम्ही स्वतः उभी करू शकत असाल, तर टेंपो बोलवा. रक्कम नुसत्या वर्गणीलाच थांबली असेल तर तिथेच राहा.

असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी थोडक्यात: युनिफॉर्मसारखा ठोक माल विकत असाल, गिऱ्हाईक भाव फोनवरच ठरवत असेल, तर तुम्हाला कार्ट आणि गेटवे यांची गरजच नाही. नमुन्यांचे फोटो, मापं, पत्ता आणि व्हॉट्सअॅपचं बटण असलेली चार पानं पुरतात. इतक्याशा साइटला वर्डप्रेस झेपतं, कारण बिघडली तरी कुणाचे पैसे अडकत नाहीत. चटणी, कडक भाकरी अशा सहा-सात वस्तू विकणाऱ्या एकट्या माणसानं मात्र बिल्डरच घ्यावा, त्याचे तास भट्टीपाशी जास्त मोलाचे आहेत.

आणि हो, चादरीचं वजन पार्सल बांधून, पट्टी लावून, वर पत्ता चिकटवल्यावर करा. आधी नाही.